‘म्हणे’नंतरच्या सोळा मात्रा: भजनातली शांतता कागदावर उतरवताना

फोंडा तालुक्यातलं एक भजनी मंडळ. बुवा धरून अकरा जण: पेटीवर एक, पखवाजावर एक, टाळ घेऊन साथ गाणारे सात आणि शेवटच्या आरतीला घुमट घेणारा एक. प्रसंग श्रावणातला, देवळाच्या सभामंडपातला. रूपाचा अभंग, त्यानंतर एक संथ अभंग, गजर आणि घुमट आरती असा बेत होता, आणि त्यात तीन ठिकाणी मुद्दाम शांतता ठेवायची असं ठरलं होतं. पहिली संथ अभंगाच्या शेवटच्या चरणात, ‘तुका म्हणे’ एवढं गाऊन झाल्यावर सोळा मात्रांची. दुसरी अभंग संपल्यावर आठ मात्रांची. तिसरी गजर टिपेला पोचला की एकदम सगळं थांबवून, बुवांच्या मर्जीनं हवी तेवढी.

पहिल्या सादरीकरणात तिन्ही फसल्या, आणि प्रत्येकीचं कारण वेगळं निघालं. म्हणून हे प्रकरण सविस्तर पाहण्यासारखं आहे.

‘तुका म्हणे’नंतर सगळे गप्प झाले. लय मिनिटाला साठ मात्रांची होती, म्हणजे शांतता सोळा सेकंदांची व्हायला हवी होती. चौथ्या-पाचव्या सेकंदाला मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी पुढचे शब्द सुचवले, हळू आवाजात, मदत म्हणून. त्यांच्या शेजारच्या दोघांनी ते चालीत म्हटले. टाळकऱ्यांपैकी एकाला वाटलं की आत शिरायची वेळ झाली, आणि तो शिरला. दुसऱ्या जागी सगळे आठ मात्रा थांबले खरे, पण परत येताना टाळ एकामागून एक पडले, पायरीवरून भांडं गडगडावं तसे. गजरानंतरची शांतता तर सुरूच झाली नाही. टाळ थांबायचा अवकाश, मंडपातून ‘पुंडलिक वरदा हरि विठ्ठल’ असा जयघोष उठला.

आजोबांचं काही चुकलं नव्हतं. भजनाला बसलेला माणूस नुसता श्रोता नसतो. त्याला अभंग पाठ असतो, तो गुणगुणत असतो, बुवा अडले तर शब्द पुरवणं त्याला आपलं काम वाटतं. अशा मंडपात अर्ध्या वाक्यावर थांबणं म्हणजे थेट आमंत्रण. ‘म्हणे’ या शब्दानं कान टवकारतात आणि त्याच जागी गाणारा गप्प होतो, तेव्हा ऐकणाऱ्याला दोनच अर्थ लागतात: बुवा विसरले, किंवा आता आपण म्हणायचं. शास्त्रीय मैफलीत तीच जागा कदाचित निभावून गेली असती. त्यातून ‘म्हणे’ पंचमावर सोडला होता, म्हणजे शब्द अपुरा आणि स्वरही अपुरा. अशा दुहेरी अपुऱ्या जागेवर सोळा मात्रा धरणं जवळपास अशक्य आहे, मग मंडळ कितीही तयारीचं असो.

म्हणून जागांची अदलाबदल झाली. ‘म्हणे’नंतर फक्त चार मात्रा ठेवल्या. पखवाजवाले दमदार तिहाईत दोन तुकड्यांच्या मध्ये जो दम घेतात, त्याच जातीची ही जागा: ऐकणारा टांगणीला राहतो, पण मदतीला धावायला त्याला वेळ मिळत नाही. सोळा मात्रा अभंग पूर्ण झाल्यावर नेल्या, शेवटचा शब्द षड्जावर टेकल्यानंतर. तिथे वाक्य संपलेलं असतं आणि स्वरही घरी आलेला असतो, त्यामुळे शब्द पुरवायला कुणी सरसावत नाही. थोडक्यात, जागा जितकी अपुरी तितकी शांतता आखूड ठेवावी लागली.

आता दुसरी फजिती, टाळ गडगडण्याची. तिचं मूळ तालमीत नव्हतं, कागदात होतं.

मंडळाकडे चाली भातखंडे पद्धतीनं लिहिलेल्या होत्या. या पद्धतीत आडवी रेघ म्हणजे मागचा स्वर पुढच्या मात्रेवर चालू ठेवा, आणि शब्दांच्या ओळीत अवग्रह म्हणजे अक्षर लांबवा. स्वल्पविराम आला की स्वर तोडा. तोडल्यावर किती वेळ गप्प राहायचं ते मात्र स्वल्पविराम सांगत नाही. मंडळाच्या कागदावर षड्जापुढे आठ रेघा ओढलेल्या होत्या. बुवांच्या मनात त्या रेघा म्हणजे शांतता होती. पेटीवाल्यानं पद्धतीप्रमाणे त्यांचा अर्थ ‘षड्ज धरून ठेव’ असा लावला आणि दोन मात्रा धरला, मग बाकीचे गप्प दिसले म्हणून सोडला. त्याचा षड्ज थांबला तिथून साथीदारांपैकी काहींनी मात्रा मोजायला घेतल्या, काहींनी त्याआधीच घेतल्या होत्या.

मग कुणीतरी रेघांच्या जागी शून्यं लिहायची शक्कल काढली. पण ‘०’ ही खालीची, म्हणजे तालातल्या टाळी नसलेल्या मात्रेची, खूण आहे. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात ती पाचव्या मात्रेखाली आधीच बसलेली असते. पखवाजवाल्यानं ओळभर शून्यं पाहिली आणि विचारलं की एवढ्या खाल्या कुठल्या तालात असतात. प्रश्न रास्त होता.

शेवटी शांततेला रिकामी चौकट दिली, एका मात्रेला एक. शिवाय प्रत्येक वाद्याला स्वतंत्र ओळ, कारण ‘शांतता’ म्हटलं तरी सगळेच गप्प असतात असं नाही. सूरपेटी म्हणजे विजेवरचा तंबोरा, तो चालू आहे की बंद हे लिहिल्याशिवाय कळत नाही, आणि तो चालू ठेवला तर शांततेचा रंगच बदलतो. ‘म्हणे’ची जागा नव्या कागदावर अशी दिसते:

```
मात्रा    | १  | २  | ३   | ४  || ५  | ६   | ७  | ८
गळा      | तु | का | म्ह  | णे || □  | □   | □  | □
मनात     |    |    |     |    || वि | ठ्ठ  | ल  | श्वा
पेटी      | वा | वा | वा   | वा || □  | □   | □  | □
पखवाज   | वा | वा | वा   | वा || दा | □   | □  | □
टाळ      | वा | वा | वा   | वा || दा | □   | □  | □
सूरपेटी   | वा | वा | वा   | वा || वा | वा  | वा | वा
```

‘वा’ म्हणजे वाजतं, ‘दा’ म्हणजे दाबून बंद करा, ‘श्वा’ म्हणजे श्वास. मुद्दाम अक्षरं घेतली. नवी चिन्हं तालमीत लक्षात राहतात, पण पंधरा दिवस हाताखालून गेली नाहीत की विसरतात. अक्षर वाचता येतंच.

सगळ्यात उपयोगाची ठरली ती ‘मनात’ ही ओळ. शांततेत माणूस मात्रा मोजायला लागला की घाई करतो. आकड्यांना चाल नसते, त्यामुळे त्यांना लयीत बांधून ठेवणारं काही नसतं. साठच्या लयीतली सोळा मात्रांची जागा तालमीत मोबाईलवर ध्वनिमुद्रित केली तेव्हा कुणी तेराव्या सेकंदाला परत आला, कुणी पंधराव्या. मोजण्याऐवजी मनात चालीत नाम गायला सांगितलं आणि फरक दिसला. ‘जय जय राम कृष्ण हरि’ आठ मात्रांत चपखल बसतं: जय, जय, रा, म, कृष्, ण, ह, रि. दोनदा म्हटलं की सोळा भरतात. चार मात्रांच्या जागेला ‘विठ्ठल’ पुरतं आणि चौथी मात्रा श्वासाला उरते. भजनी माणसाला हे शिकवावं लागत नाही, एरवीही त्याच्या तोंडात तेच असतं. फक्त ते नेमक्या मात्रांवर कागदात बांधलं.

तालमीचा क्रम असा ठेवला. आधी शांततेची जागा मोठ्यानं गायची, टाळांसह, जणू तिथे शांतता नाहीच. मग टाळ बंद आणि नाम मोठ्यानं. मग नुसते ओठ हलवायचे. शेवटी ओठही मिटायचे. प्रत्येक टप्पा ओळीनं चार वेळा बरोबर जमला तरच पुढचा घ्यायचा. हे झाल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाठ करून बसायचं आणि तीच जागा पुन्हा घ्यायची. पाठ केली की बुवांचा खांदा किंवा पखवाजवाल्याचा हात बघून आत शिरणारे लगेच उघडे पडतात. समोरासमोर बसून जमलेलं मंडळ पाठ करून बसल्यावर कोसळलं, तर नाम मनात चाललेलं नाही, नुसती नक्कल चालली आहे असं समजावं.

बोटांवर मात्रा मोजायची सवय बऱ्याच जणांना असते. एका बोटाचं टोक आणि तीन रेषा मिळून चार, चार बोटांच्या सोळा, अंगठा फिरवला की दोन आवर्तनं भरतात. बुवांना आणि पेटीवाल्याला हे जमतं. टाळकऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात, म्हणून त्यांना पायाच्या अंगठ्यानं आतल्या आत दाब द्यायला सांगितलं. मांडी घातलेली असली की तो कुणाला दिसत नाही. गुडघा हलू द्यायचा नाही. शांततेत सात गुडघे हलले की बघणाऱ्याला लय दिसते आणि तोही मोजायला लागतो.

परत येतानाची गडगड अशा तयारीनंही पुरती गेली नाही. सात जोड टाळ एका क्षणी पडायचे तर चूक मात्रेच्या आठव्या भागाएवढी असली तरी ऐकू येते, कारण टाळाचा आघात धारदार असतो. गळ्याचं तसं नाही, स्वर उमलत येतो आणि थोडं मागेपुढे झालेलं झाकून जातं. म्हणून कागदावर एक बदल केला: समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, फक्त बुवांचा गळा आणि पेटीचा षड्ज. पखवाज पाचव्या मात्रेपासून, टाळ दुसऱ्या आवर्तनाच्या समेपासून. कमी माणसांनी शांतता मोडायची आणि बाकीच्यांनी चालू लयीत शिरायचं. एवढ्यानं निम्मा प्रश्न मिटला. खरं तर हे पहिल्याच दिवशी सुचायला हरकत नव्हती.

शांतता सुरू कधी होते, यावरही काम करावं लागलं. कागदावर पाचव्या मात्रेला चौकट आहे म्हणून पाचव्या मात्रेला आवाज संपत नाही. टाळ मोकळा सोडला तर काही सेकंद घुमत राहतो, म्हणजे चार मात्रांची जागा त्याच्या शेपटातच संपून जाते. दोन्ही वाट्या एकमेकींवर दाबल्या तर घुमणं थांबतं, पण ‘चप’ असा आवाज होतो, आणि सात जणांचा मिळून तो चांगलाच मोठा होतो. उपाय साधा आहे. शेवटचा आघात झाला की वाट्या एकमेकींपासून दूर ठेवायच्या आणि दोन्ही हातांची तर्जनी आपापल्या वाटीच्या कडेला हळूच टेकवायची. पखवाजाला डाव्या पुडीवर तळवा ठेवला की पुरतं, मात्र तो ठेवायचा, आपटायचा नाही.

पेटीची अडचण नेमकी उलटी. बोटं उचलली की आवाज लगेच बंद होतो, फक्त पुढचा सूर देणारा खटका ओढलेला राहिला असेल तर भात्यात हवा असेपर्यंत तो स्वर रेंगाळतो. खटके आधीच आत ढकलून ठेवायचे. खरी गोची परत येताना होते. सोळा सेकंद भाता हलवला नाही तर फटींतून हवा निघून जाते, आणि समेवर पट्टी दाबली तरी स्वर उशिरा, अशक्त निघतो. म्हणून सोळा मात्रांच्या शेवटच्या दोन मात्रांखाली पेटीच्या ओळीत ‘भा’ लिहिलं: भाता हळूच भरून ठेवा. जुन्या पेटीचा भाता कुरकुरतो, त्याच्या बिजागरीला त्या दिवसापुरतं तेल घालावं लागलं.

श्वासाचंही असंच. दहा जणांनी शेवटच्या मात्रेला तोंडानं श्वास घेतला तर ध्वनिक्षेपकातून तो समेच्या आधीची सम म्हणून ऐकू येतो. श्वास नाकानं आणि सावकाश घ्यायचा, हे तोंडी ठरवून पुरलं नाही. कागदावर आलं तेव्हाच पाळलं गेलं.

ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्यालाही कागदाची एक प्रत दिली. ती पहिल्या वेळी दिली नव्हती. शांतता पडताच त्याला वाटलं की माईक गेला, त्यानं आवाज चढवला, आणि बुवा परत आले तेव्हा कर्णकर्कश शिट्टी वाजली. त्याच्या प्रतीवर चौकटींच्या ओळीखाली एकच सूचना होती: हात लावू नका.

तिसरी जागा, गजरानंतरची, चौकटीत बसवता आली नाही. गजर टिपेला पोचतो तेव्हा लय मिनिटाला दीडशे मात्रांच्या पुढे गेलेली असते. त्या लयीत आठ मात्रा म्हणजे जेमतेम तीन सेकंद. वीस सेकंद हवी असतील तर पन्नास मात्रा मोजाव्या लागतात, आणि धापा टाकत असताना त्या कुणी मोजत नाही. म्हणून ही जागा न मोजलेली ठेवली, पण मोकाट सोडली नाही. कागदावर चौकटींऐवजी एक लांब कोरी पट्टी आली आणि तिच्यात ‘थां, बुवा, १० ते ३०’ एवढंच: थांबा, सुटका बुवांच्या खुणेवर, दहा सेकंदांपेक्षा कमी नाही आणि तिसापेक्षा जास्त नाही. खूण कोणती हेही ठरलेलं होतं. उजवा हात गुडघ्यावरून छातीपर्यंत येईल, तो खाली जाताना सम. डोळे उघडणं ही खूण चालत नाही, मागे बसलेल्यांना बुवांचे डोळे दिसत नाहीत.

बुवा भावात गेले आणि तीस सेकंद उलटले तर काय, हा प्रश्न पखवाजवाल्यानं विचारला. त्यासाठी एक माणूस नेमला. त्याला मंडळात ‘राखणदार’ म्हणायला लागले, गावच्या वेशीवरच्या राखणदारासारखा. समोरच्या खांबावरच्या घड्याळाकडे बघायचं काम एकट्या त्याचं. मुदत भरली की तो खालच्या षड्जात मिटल्या तोंडानं गुंजन सुरू करतो. बुवांना ते ऐकू येतं, मंडपाला तो शांततेचाच भाग वाटतो.

पण या जागेचा मूळ घोळ जयघोषाचा होता. गजर थांबला की जयघोष करायचा, ही लोकांच्या अंगात मुरलेली रीत आहे आणि ती मोडायचा अधिकार भजनी मंडळाला नाही. शांततेसाठी लोकांना हातानं गप्प करणं हे तर अगदीच वाईट दिसतं. मग जागाच सरकवली. गजर, लगेच जयघोष, तोही बुवांनीच सुरू करायचा, आणि त्यानंतर कोरी पट्टी. जयघोष झाल्यावर लोकांचं म्हणायचं म्हणून होतं. ते पुढच्या गोष्टीची वाट बघत स्वस्थ बसतात, आणि ती स्वस्थता आयती मिळते. पट्टी संपते ती घुमटाच्या पहिल्या थापेनं.

घुमटवाल्याला यात सगळ्यात कठीण भूमिका आली. मातीचं भांडं, तोंडावर चामडं, आणि श्रावणातली दमट हवा. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, आता बंदीमुळे बकऱ्याचं असतं, आणि दमट हवेत ते सैल पडतं. गजर संपल्यावर ते ताणलेलं आहे का हे बघायला बोटानं टिचकी मारायची त्याची सवय होती. वीस सेकंदांच्या शांततेत ती टिचकी देवळाच्या घंटेइतकी ऐकू येते. त्याच्या ओळीत गजराच्या मधोमध ‘शेक’ असं लिहिलं. गजर जोरात असतानाच त्यानं उठून घुमट शेगडीवर शेकून आणायचं, टिचकी मारायची ती तेव्हाच, आणि नंतर तळवा चामड्यापासून वितभर दूर ठेवायचा.

या लिपीच्या मर्यादा दोन दिसल्या. पत्र्याच्या मांडवावर पाऊस कोसळत असेल तर चौकटी पाळता येतात, पण त्यांना अर्थ राहत नाही. लोकांना शांतता नव्हे, पाऊस ऐकू येतो. अशा दिवशी सोळा मात्रा सोडून थेट गजरावर जायचं, असं कागदाच्या कडेला लिहून ठेवलं. ‘म्हणे’नंतरच्या चार मात्रा मात्र पावसातही ठेवायच्या, कारण तिथे काम करते ती अडलेली ओळ, निःशब्दता नव्हे.

दुसरी मर्यादा अखंड सप्ताहाची. वास्कोच्या दामोदर सप्ताहात, जो १८९९ पासून चालत आला आहे, भजन चोवीस तास खंड न पडता चालतं. गावोगावच्या अखंड सप्ताहांतही नाम तुटू द्यायचं नाही हाच संकल्प असतो. तिथे सगळ्यांनी गप्प बसणं ही सौंदर्याची बाब उरत नाही, तो संकल्पाचा भंग होतो. हे मंडळ अशा ठिकाणी पाळीला बसतं तेव्हा तोच कागद वापरतं, फक्त ‘मनात’च्या ओळीतलं नाम राखणदार मंद आवाजात प्रत्यक्ष म्हणतो. बाकी दहा जणांच्या चौकटी रिकाम्याच राहतात. सूरपेटी चालू आहे एवढं कारण तिथे पुरत नाही, यंत्राचा सूर म्हणजे नाम नव्हे.

कागदाबद्दल शेवटची एक बारीक गोष्ट. पहिल्या सुधारित प्रतीत सोळा चौकटी पानाच्या तळाशी आल्या होत्या, आणि परतीची सम पुढच्या पानावर. चौदाव्या मात्रेला अकरा पानं एकदम उलटली गेली. आता शांततेची ओळ पानाच्या मध्यावर घेतात, तिला गायच्या ओळीइतकीच रुंदी देतात आणि पानं प्लास्टिकच्या पाकिटात नव्हे, जाड पुठ्ठ्यावर चिकटवतात. पाकीट खुळखुळतं.